वजाबाकीत उरते ती आई

शेजारच्या मुलाशी तुलना झाली तर ती फार खोल जात नाही. शेजारच्यांची ऐपत वेगळी, त्यांच्या घरचं वळण वेगळं, त्यांच्या रक्तातच काही असेल, असं म्हणून मन स्वतःची सोडवणूक करून घेतं. पण तुलना नणंदेच्या मुलीशी, दिराच्या मुलाशी किंवा बहिणीच्या मुलाशी झाली की ही पळवाट बंद होते. एकच आजी-आजोबा, एकच कुलदैवत, दत्तजयंतीला एकाच ओटीवर मांडलेली पानं. मग मन एक वजाबाकी मांडतं. घराणं सारखं, ते वजा. संस्कार सारखे, ते वजा. देवाची कृपा दोघांवर सारखीच, तीही वजा. तरी एक मूल पुढे आणि एक मागे. मग खाली काय उरलं? आई उरली. क्वचित बाप उरतो, पण आपल्याकडे बहुधा आईच.

ही वजाबाकी मी चार वर्षं फार जवळून पाहिली आहे, आणि वाचकहो, ती नैतिक निवाड्यासारखी दिसत असली तरी मुळात ते एक गणित आहे असं मला वाटतं. गणित असेल तर ते तपासता येतं. म्हणून आधी गणित तपासू, मग ‘आई म्हणून मी कमी पडले का’ या प्रश्नाकडे येऊ. हा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणणार नाही. तो खराच आहे, फक्त तो चुकीच्या जागी विचारला जातो.

‘घराणं सारखं’ हे पहिलं पद घ्या. सख्ख्या भावंडांमध्ये आईबापांकडून आलेला जनुकांचा वारसा सरासरी निम्मा सामाईक असतो. चुलत, आते, मामे, मावस भावंडांमध्ये तो सरासरी एक-अष्टमांशावर येतो. आपण ‘एकाच रक्ताची’ म्हणतो त्या दोन मुलांमध्ये आठातले सात वाटे वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतात. माझ्या मुलाचा निम्मा वारसा माझ्या माहेरचा आहे, आणि माझ्या माहेरच्या त्या वाड्यात सासरचं कुणी कधी राहिलेलं नाही. नणंदेच्या मुलीचा निम्मा वारसा तिच्या वडिलांकडचा. नाक आजोबांसारखं निघालं की सगळं आजोबांसारखं निघेल असं वाटणं साहजिक आहे. पण नाक डोळ्यांना दिसतं, उरलेलं दिसत नाही.

दुसरं पद ‘वय सारखं’. मुलं लहान असताना ‘दोघं बरोबरीची’ हे शब्द फार सैल वापरले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या सुदृढ बाळांचं बसणं, उभं राहणं, चालणं नीट नोंदवून २००६ साली ते प्रसिद्ध केलं. आपल्याकडची बाळं दिल्लीतली होती. त्यात ‘अमुक महिन्याला मूल चालतं’ असा एक आकडा दिलेला नाही, एक खिडकी दिली आहे. आधाराशिवाय चालण्याची खिडकी ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत. शंभरातली अगदी आधीची आणि अगदी उशिराची सोडली तर बाकी सगळी निरोगी मुलं या नऊ महिन्यांत केव्हातरी चालू लागतात. म्हणजे एक भावंड दहाव्या महिन्यात चाललं आणि दुसरं सोळाव्या महिन्यात, तर मधले सहा महिने घरात जे काही बोललं जातं ते सगळं एकाच खिडकीच्या आतल्या दोन जागांबद्दल असतं. आणि रांगायचं म्हणाल, तर त्याच पाहणीत शंभरातली चार-एक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, सरळ उभी राहून चालू लागली. ‘रांगलं नाही, पुढे काही तरी राहून जाणार’ असं ज्यांच्या घरी ऐकवलं गेलं असेल त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते.

इथवर वाचून वाटेल की लेख आता ‘प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढतं, काळजी करू नका’ असा वळणार. तसा तो वळणार नाही. हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि ते अर्धं माझ्याच घरी कसं अपुरं पडलं ते सांगते.

माझा मुलगा २०१९ च्या नोव्हेंबरातला. धाकट्या नणंदेची मुलगी २०२० च्या जानेवारीतली. दीड महिन्याचं अंतर. २०२१ ची दत्तजयंती डिसेंबरच्या मध्यात होती. टाळेबंदीनंतर प्रथमच सगळे सांगलीच्या घरी जमले होते. भाची अजून दोन वर्षांचीही नव्हती, पण ‘मामी, मला पेढा दे ना’ असं अख्खं वाक्य बोलायची, आणि आरतीच्या ओळींची शेपटं सगळ्यांबरोबर सुरात ओढायची. सगळं घर तिच्याभोवती. माझा मुलगा दोन वर्षं एक महिन्याचा. त्याच्याकडे मोजून अकरा शब्द होते, आणि त्यातले चार माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हते.

त्या दोन दिवसांत मला दोन गोष्टी ऐकायला मिळाल्या. नणंद म्हणाली, अगदी मायेनंच म्हणाली, “वहिनी, तुम्ही त्याच्याशी फारसं बोलत नाही का? आमच्याकडे आई-बाबा दिवसभर तिच्याशी बोलत असतात म्हणून विचारलं.” आणि सासूबाई म्हणाल्या, “अगं, काही नाही होत. तुझा नवरा अडीच वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता गप्प बसतो का?” पहिलं ऐकून मला रडू आलं, दुसरं ऐकून हायसं वाटलं. पण नीट पाहिलं तर दोन्ही वाक्यांची पट्टी एकच आहे. एकीत माझ्या मुलाशेजारी त्याची आतेबहीण उभी केली आहे आणि दुसरीत त्याचे बाबा. भाचीकडे बघून घाबरायचं आणि नवऱ्याकडे बघून निर्धास्त व्हायचं. दोन्हींमध्ये मुलाकडे बघायचं राहूनच जातं.

नातेवाईक ही पट्टी म्हणून दोन्ही बाजूंनी वाईट आहे, हे माझं या लेखातलं मुख्य म्हणणं. ती कारण नसताना रडवते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती कारण असताना गप्पही बसवते. आणि माझ्या मते दुसरा तोटा जास्त मोठा आहे, कारण रडणारी आई निदान कुणाला तरी विचारायला जाते.

बोलण्यालाही चालण्यासारखी खिडकी असते, पण तिला काही पक्क्या कडा आहेत आणि त्या माहीत असलेल्या बऱ्या. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळ बाबा-दादा-गागा असं बडबडत नसेल किंवा बोट दाखवणं, टाटा करणं असे हातवारे करत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध नको’ असे दोन शब्द स्वतःहून, म्हणजे आपलं ऐकून नुसती नक्कल न करता, जोडत नसेल, तर दाखवून घ्यायचं. आणि कुठल्याही वयात आलेलं बोलणं गेलं, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. या कडांमध्ये आत्या, मामी, चुलतभाऊ कुणीच नाही.

माझा मुलगा बोट दाखवायचा, डोळ्यांत बघायचा, हवं ते हाताला धरून नेऊन दाखवायचा. सांगितलेलं समजायचं, निदान समोर बसून सांगितलं तर. दोन शब्द मात्र जोडत नव्हता. म्हणजे तो एका कडेच्या पलीकडे होता. त्याची आतेबहीण मुकी असती तरी तो त्या कडेच्या पलीकडेच असता, आणि ती वक्ती निघाली तरी तो तिथेच.

बालरोगतज्ज्ञांनी पहिली चिठ्ठी दिली ती कानाच्या तपासणीची. बोलणं उशिरा येत असेल तर आधी ऐकणं तपासायचं, हा साधा क्रम आहे. मी म्हटलं, डॉक्टर, जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती, तीत तो पास झाला होता. शिवाय कुकरची शिट्टी झाली की तो दचकतो, दार आपटलं की वळून बघतो. डॉक्टर म्हणाले, जन्मल्यावर पास झाला म्हणजे तेव्हा ऐकू येत होतं. आणि कुकरची शिट्टी ऐकायला चांगले कान लागत नाहीत.

कानाच्या पडद्यामागे एक पोकळी असते आणि ती एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या बाजूला जोडलेली असते. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दी झाली की ती बुजते आणि पोकळीत चिकट पाणी साठतं. दुखत नाही, ताप नसतो, कान वाहत नाही, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. ऐकू मात्र दोन्ही कानांत बोटं घातल्यावर येईल तसं येतं. मोठे आवाज पोचतात. हळू बोलणं, शब्दांची शेवटची अक्षरं, ‘स’ आणि ‘फ’सारखे वाऱ्याचे आवाज गळून पडतात. त्यातही हे दररोज सारखं नसतं. सर्दी उतरली की सुधारतं, पुन्हा झाली की बिघडतं. म्हणून घरच्यांना वाटतं की हा ऐकतो, पण मनात असलं तरच ऐकतो. ‘हट्टी आहे’ हा शिक्का अशाच मुलांवर पटकन बसतो. घरी ओळखायचं झालं तर मूल खेळण्यात असताना मागून, त्याला आपण दिसणार नाही असं उभं राहून, हळू आवाजात त्याच्या आवडीच्या वस्तूचं नाव घ्यावं. माझा मुलगा समोरून म्हटलेल्या ‘बिस्कीट’ला धावत यायचा आणि मागून हळू म्हटलेल्या ‘बिस्कीट’ला मानही वळवत नव्हता. अर्थात घरची परीक्षा ही शंका येण्यापुरतीच. मूल वळलं म्हणून तपासणी टाळू नये.

तपासणीत कानात एक छोटं बोंडूक बसवून हवेचा दाब कमीजास्त करतात आणि पडदा किती हलतो याचा आलेख काढतात. चांगल्या कानाचा आलेख डोंगरासारखा वर जातो. याच्या दोन्ही कानांचे आलेख सपाट होते, टेबलावर रेघ मारावी तसे. पडद्यामागे पाणी असल्याची ती खूण.

मला वाटलं होतं की आता औषधांची यादी मिळेल. ती मिळाली नाही. हे पाणी बहुतेक मुलांत आपोआप ओसरतं. सर्दीच्या गोळ्यांचा किंवा प्रतिजैविकांचा त्याला उपयोग होत नाही. म्हणून तीन महिने थांबून पुन्हा तपासायचं, आणि तेव्हाही दोन्ही कानांत पाणी असेल, ऐकू कमी येत असेल, तर पडद्यात बारीकशी नळी बसवायचा विचार करायचा. थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नव्हतं. वाचाउपचारतज्ज्ञ बाईंनी आम्हां नवरा-बायकोला चार गोष्टी शिकवल्या. त्याच्या उंचीला बसून, तोंड दिसेल असं बोलायचं. तो ज्या वस्तूकडे बघतोय तिचंच नाव घ्यायचं, आपल्याला शिकवायच्या वस्तूचं नाही. तो एक शब्द म्हणाला तर आपण दोन म्हणायचे. ‘गाडी’ला ‘गाडी गेली’. आणि बोलून झाल्यावर थांबायचं, मनात पाच अंक मोजायचे, उत्तराला जागा ठेवायची. घरात उगाच चालू असलेला टीव्ही बंद. शब्दांची एक वही ठेवायची आणि त्यात स्वतःहून आलेला नवा शब्द तारखेसह लिहायचा.

ती वही या सगळ्यातली खरी पट्टी ठरली. डिसेंबरात अकरा शब्द. जानेवारीअखेर एकोणीस. मार्चमध्ये एक कान मोकळा झाला होता, शब्द सदतीस झाले होते, आणि वहीत पहिली जोडी होती: ‘पानी पलं’. पाणी पडलं. मे महिन्यात दुसऱ्या कानाचाही आलेख डोंगरासारखा आला, नळीची गरज पडली नाही, आणि मी शब्द मोजणं सोडून दिलं कारण मोजणं शक्य राहिलं नाही. ‘स’ मात्र पुढे वर्षभर ‘त’ होता.

मी त्या बाईंना विचारलं होतं की यातलं किती कानामुळे झालं आणि किती आमच्यामुळे? टाळेबंदीत घरात आम्ही दोघंच होतो आणि दोघांनाही लॅपटॉपसमोर बसायचं होतं. त्या म्हणाल्या, एका मुलाच्या बाबतीत असे वाटे पाडता येत नाहीत. थोडा कान, थोडी त्याची स्वतःची गती, थोडं घर. कुणाचे किती हे कुणीच सांगू शकत नाही. मला तेव्हा ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं की या सगळ्या प्रकरणातलं नीतीचं म्हणणं त्याच उत्तरात आहे. वजाबाकी करायला पदं वेगवेगळी काढता यावी लागतात. ती काढताच येत नसतील, तर ‘उरलेली आई’ हे उत्तर कुठून आलं? ते आधीच ठरलेलं होतं, गणित मागून मांडलं गेलं.

आता तो प्रश्न, आई म्हणून कमी पडण्याचा. मूल मागे आहे असं वाटतं तेव्हा पोटात दोन वेगवेगळी दुःखं एकाच वेळी असतात आणि ती एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एकच वाटतात. एक दुःख मुलासाठीचं: याला हवं ते सांगता येत नाही, म्हणून हा चिडतो, डोकं आपटतो. दुसरं आपल्या जागेसाठीचं: उद्या पंक्तीत कुणी काय म्हणेल. दुसरं दुःख हलकं आहे असं मी म्हणत नाही. सुनेची घरातली जागा मुलांवरून ठरते अशी घरं अजून आहेत आणि तिथे ते दुःख अगदी खरं आहे. पण त्याचं औषध मुलाजवळ नाही. ते मुलाकडून वसूल करायला गेलं की दोन वर्षांच्या पोराला पाहुण्यांसमोर उभं करून ‘म्हण ना, काकांना म्हणून दाखव’ सुरू होतं.

ही दोन दुःखं वेगळी काढायला मी एक युक्ती वापरते. ते दुसरं मूल परदेशी राहायला गेलं, त्याची बातमीच कानावर येत नाही, असं क्षणभर धरायचं. तरी काळजी उरते का? भाची कल्पनेत दूर नेऊन ठेवली तरी अकरा शब्द अकराच होते आणि मागून मारलेली हाक ऐकू जातच नव्हती. ती काळजी मुलाची, तिच्यामागे उठून चिठ्ठी घेऊन जायचं. पुढे भाची चौथ्या वर्षी अथर्वशीर्ष म्हणू लागली आणि माझ्या पोटात पुन्हा कालवलं. तिला दूर नेऊन पाहिलं तर काहीच उरलं नाही. माझा मुलगा तेव्हा अंगणात मुंगळ्यांच्या रांगेत काडी घालत बसला होता आणि मजेत होता. ते दुःख माझं होतं आणि ते माझ्यापाशीच ठेवायचं होतं.

अवधूतांच्या चोवीस गुरूंमधली ती कांडण करणारी कुमारिका आपल्या वाचकांना सांगायला नको. बांगड्या एकमेकींवर आपटून वाजतात म्हणून ती एकेक उतरवते आणि शेवटी एकच ठेवते. तुलनेचा आवाजही असाच शेजारी असण्यातून येतो. पण संसारी माणसाला सगळ्या बांगड्या उतरवता येत नाहीत, आणि मुलांच्या बाबतीत तर उतरवूही नयेत. सांगलीच्या घरी न जाणं हा उपाय माझ्या मनात येऊन गेला होता. पण माझ्या मुलाने ‘मला पण’ हे शब्द आतेबहिणीकडूनच उचलले, वहीत तारीख आहे. जी मुलगी माझी पट्टी होती ती त्याची शिक्षिका होती. आणि तिच्या बाजूनेही बघायला हवं. एखादं मूल घरात पट्टी म्हणून उभं केलं गेलं की त्याच्या कौतुकात दुसऱ्याचा कमीपणा मिसळतो, ते कौतुक निखळ राहत नाही. तिच्या अथर्वशीर्षावर तिचा हक्क आहे, त्यात माझ्या मुलाचं काय काम?

तुलनेचा त्रास कुणाला होतो, हे मुलांच्या वयाबरोबर बदलतं. दोन वर्षांच्या मुलाला आपण मागे आहोत हे ठाऊकच नसतं, त्या वयात सगळं दुखणं मोठ्यांचंच. साधारण सात-आठ वर्षांची झाली की मुलं दुसऱ्याशी ताडून स्वतःची किंमत ठरवायला लागतात, आणि मग पंक्तीत सहज बोललेलं वाक्य थेट त्यांच्यापर्यंत पोचतं. म्हणून मोठ्यांनी जीभ आवरायची ती सहा वर्षांच्या आत शिकून घेतलेली बरी, पुढे सवय लागत नाही. (आमच्या घरी आत्याबाईंना ती अजून लागलेली नाही, पण त्या पंचाऐंशीच्या आहेत.)

ज्यांच्या घरी आज एखादं मूल अशा एखाद्या कडेच्या पलीकडे आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. खासगी दवाखाना परवडलाच पाहिजे असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलं तपासायला येतं, आणि गरज असेल तर पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांसाठी असलेल्या केंद्रात पाठवतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. जाताना मुलाचे शब्द लिहून न्यावेत, आणि त्याच्या चुलतभावाचं नाव घेऊ नये. डॉक्टरांना त्याचा काही उपयोग नसतो.

राहता राहिली आमच्या घरची आजची बातमी. आपल्या राज्यात पहिलीत घालायला ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. माझा मुलगा नोव्हेंबरातला, म्हणून तो यंदा जूनमध्ये पहिलीत गेला. भाची जानेवारीतली, म्हणून ती अजून सीनियर केजीत. दीड महिन्याच्या अंतराचं एका तारखेने वर्ष करून टाकलं. परवा नणंदेचा फोन आला होता. “वहिनी, तुमचा वाचायला पण लागला म्हणे. आमची अजून जोडाक्षरांना अडते हो. तुम्ही काय करता घरी?” तिचा आवाज मला ओळखीचा वाटला. मी तिला आधी तारीख सांगितली. मग म्हटलं, तो वर्गात सगळ्यांत लहान आहे, आणि वर्गातल्या जानेवारीच्या मुलांपेक्षा हळूच वाचतो. जोडाक्षरं त्याचीही अडतातच. ‘पुस्तक’चं अजून ‘पुतक’ होतं.